तन्मण्यातले मोती खरे आहेत का, आणि खरे असले तरी 'बसरा' आहेत का?

प्रश्न: आजीकडून आलेला तन्मणी आणि नथ माझ्याकडे आहे. घरात सगळे 'बसरा मोती' म्हणतात, पण आमच्या सोनाराने बघून 'कल्चर असतील' असं सांगितलं. मी स्वतः हैदराबादहून मोत्यांचा एक सर आणला. दुकानदाराने लायटरवर धरून आणि सुरीने खरवडून दाखवला आणि 'अस्सल' म्हणाला. घरच्या घरी खात्री कशी करायची? गोड्या पाण्यातला, कल्चर आणि नैसर्गिक यांत नेमका फरक काय?

उत्तर: तुमचा दुकानदारही बरोबर असू शकतो आणि सोनारही. कारण कल्चर मोती म्हणजे खोटा मोती नव्हे. 'खरा की खोटा' हा एक प्रश्न आहे आणि 'नैसर्गिक की कल्चर' हा वेगळा. पहिल्याचं उत्तर दहापट भिंग, खिडकीतला उजेड आणि थोडा धीर असला तर घरी मिळतं. दुसऱ्याचं उत्तर घरी मिळत नाही, फक्त अंदाज बांधता येतो. बाजारातली निम्मी फसवणूक या दोन प्रश्नांची सरमिसळ करूनच चालते.

मोती म्हणजे शिंपल्यातल्या जिवाने एकावर एक चढवलेले चुन्याचे अतिशय पातळ थर. शिंपल्याच्या आतल्या बाजूला जो चमकदार थर दिसतो, तोच इथे गोल होऊन बसतो. या मोतिया थरातून उजेड आत जाऊन परत फिरतो, म्हणून मोत्याला आपण ज्याला 'पाणी' म्हणतो ते येतं. हे थर माणसाच्या मदतीशिवाय तयार झाले तर मोती नैसर्गिक. वाळूचा कण शिरला आणि मोती झाला ही गोष्ट शाळेत ठीक आहे; प्रत्यक्षात बहुधा एखादा परजीवी किंवा जखम कारणीभूत असते. अशा वेळी शिंपल्याच्या कातडीतल्या मोतिया थर बनवणाऱ्या पेशी आत ढकलल्या जातात आणि त्यांची पिशवी तयार होते. मोती त्या पिशवीत वाढतो.

कल्चर मोत्यात ही पिशवी माणूस मुद्दाम करून देतो. समुद्री शिंपल्यात साधारणपणे एक गोल मणी आणि त्याला लावून दुसऱ्या शिंपल्याच्या कातडीचा छोटा तुकडा ठेवतात. हा मणी पूर्वीपासून अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या जाड शिंपल्यांपासून घडवला जातो. जपानच्या अकोया मोत्यात आत मोठा मणी असतो आणि वर मोतिया थर अनेकदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. साउथ सी आणि ताहितीच्या मोत्यांत थर बराच जाड असतो, पण आत मणी असतोच. गोड्या पाण्यातल्या चिनी शिंपल्यात मात्र पारंपरिक पद्धतीत मणी ठेवतच नाहीत. नुसते कातडीचे तुकडे ठेवतात, तेही एका शिंपल्यात डझनांनी. म्हणून तो मोती आतपर्यंत मोतिया थराचाच असतो, स्वस्त असतो आणि क्वचितच पूर्ण गोल असतो. अलीकडे गोड्या पाण्यातही मणी घालून मोठे गोल मोती काढतात, त्यामुळे 'गोड्या पाण्यातला म्हणजे आत मणी नाही' असं आता ठामपणे म्हणता येत नाही.

थोडक्यात, गोडं पाणी की खारं हा मोत्याच्या जन्मस्थानाचा प्रश्न झाला आणि नैसर्गिक की कल्चर हा त्याच्या जन्माच्या रीतीचा. नैसर्गिक मोती गोड्या पाण्यातलाही असू शकतो. आपल्या जुन्या दागिन्यांत मात्र बहुतेक खाऱ्या पाण्यातलाच भेटतो.

आता 'बसरा'. हे मोती बसऱ्याच्या नदीत सापडत नसत. बहरीन, कुवेत, कतार या आखाती किनाऱ्यांवर पाणबुडे ते काढत, आणि बसऱ्याच्या व्यापाराचं नाव त्यांना चिकटलं. तिथून मोठा माल मुंबईला येई. मुंबईत त्यांची प्रतवारी होई, ते विंधले जात आणि पुढे पॅरिस-लंडनला रवाना होत. वजनाचं मुंबईचं 'चव' हे मापही याच व्यापारातलं. त्यात भाव वजनाच्या वर्गाच्या हिशेबाने चढतो, म्हणजे दुप्पट वजनाचा मोती चौपट चवीचा. ही चव लक्षात ठेवा, भोकाच्या वेळी कामाला येईल. मग जपानमध्ये मिकिमोतो यांनी 1893 मध्ये अर्धगोल कल्चर मोती काढला, पुढे गोल मोत्याचं तंत्र बसलं, आणि 1920 च्या दशकात तो माल जगभर पसरला. 1930 च्या आसपास नैसर्गिक मोत्यांचा बाजार कोसळला. आखातात 1932 मध्ये बहरीनला तेल लागलं आणि पाणबुडे तिकडे वळले.

या तारखांचा तुम्हाला थेट उपयोग आहे. दागिना पणजीच्या लग्नातला, म्हणजे साधारण 1915 च्या आधीचा असेल, तर मूळ गोल मोती कल्चर असण्याची शक्यता जवळजवळ नाही. 1950 नंतर घडवलेला असेल तर सोनाराची शंका रास्त. चिनी गोड्या पाण्यातले मोती आपल्याकडे भरपूर यायला लागले ते त्याच्याही बऱ्याच नंतर. तेव्हा आजीचा जुना फोटो असेल तर आधी तो शोधा. त्यात तन्मणी किती सरींचा आहे, खोड म्हणजे मधलं पदक कसं आहे, हे आजच्या दागिन्याशी ताडून बघा.

आता घरची तपासणी. लायटर, गरम सुई, व्हिनेगर यांतलं काहीही करू नका. व्हिनेगरने चुना विरघळतो, म्हणजे खरा मोतीच खराब होतो. ज्योतीने खऱ्या मोत्याला तडा जाऊ शकतो किंवा रंग बिघडू शकतो. दुकानदार ज्योतीत क्षणभर धरतो त्यातून एवढंच कळतं की वर प्लास्टिकचा लेप नाही. तो कल्चर आहे की नैसर्गिक, भाव योग्य आहे की नाही, यातलं काही कळत नाही. शिवाय जो मोती जाळून दाखवला तोच तुमच्या पाकिटात आला असं थोडंच आहे? सुरीचंही तेच. पांढरी पूड पडते ती चुन्याची, पण त्या जागचं पाणी कायमचं जातं.

वजन हाताला कळतं म्हणतात, ते प्लास्टिकपुरतं खरं. प्लास्टिक हलकं लागतं. पण काचेची घनता मोत्याच्या जवळपास असते, त्यामुळे काचेवर माशाच्या खवल्याचा अर्क चढवून केलेला चांगला नकली मोती हातात तितकाच जड आणि गार वाटतो. गारव्यावर भरवसा ठेवू नका.

दाताची कसोटी मी वापरतो, पण शेवटी. मोती वरच्या पुढच्या दाताच्या धारेवर अगदी हलका, आडवा सरकवायचा. चावायचा नाही. खरा मोती बारीक रेतीसारखा खरखरतो, नकली गुळगुळीत सरकतो. कारण मोतिया थराच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या कडा दाताला लागतात. कवळी असेल तर कळत नाही, म्हणून हे काम आजीला सांगू नका. दोन गोष्टींनी ही कसोटी फसते. काही नकली मोत्यांवर मुद्दाम खरखरीत लेप देतात, आणि काही खऱ्या मोत्यांवर चमक यावी म्हणून लेप चढवलेला असतो, ते गुळगुळीत लागतात.

सगळ्यात जास्त बोलतं ते भोक. मोती कितीही घासा-पुसा, भोकाच्या कडेला त्याची कुंडली उघडी असते. सर थोडा सैल करून दोन मोत्यांमधल्या फटीत भिंगाने बघा. उजेड बाजूने यायला हवा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तरी चालतो.

नकली मोत्यात लेप भोकाच्या तोंडाशी वाकून आत उतरतो, तिथे ओठासारखी गोलसर कड दिसते. जुना झालेला असेल तर तोच लेप पापुद्र्यासारखा सुटलेला असतो आणि खाली चकचकीत काच किंवा निस्तेज पांढरं प्लास्टिक दिसतं. प्लास्टिकवर कधी साच्याची रेघही असते. खऱ्या मोत्याच्या भोकाची कड धारदार असते, बारीक टवके उडालेले असतात, पण पापुद्रा नाही. आत मणी असलेल्या कल्चर मोत्यात भोकाच्या भिंतीवर एक सीमा दिसते: बाहेर मोतिया थर, मग बहुतेक वेळा एक गडद बारीक रेघ, आणि आत पांढरट मणी. थर फार पातळ असेल तर हाच मोती उजेडासमोर फिरवताना आतल्या मण्याच्या पट्ट्या उजळ-अंधुक होताना दिसतात.

इथे एक सापळा आहे. बाजारात 'शेल पर्ल' नावाने जो माल येतो तो शिंपल्याच्या मण्यावर नुसता लेप असतो. आतला मणी कल्चरसारखाच, त्यामुळे पट्ट्या दिसतात आणि वजनही बरोबर येतं. पण मोतिया थर नाही, म्हणजे तो नकलीच. भोकाच्या कडेला लेपाचा ओठ दिसला की विषय संपला.

पृष्ठभागही बघा. सरीतले सगळे मोती एकाच आकाराचे, एकाच रंगाचे, एकही खळगा किंवा वलय नसलेले, आणि भाव काही शेकड्यांत, तर ते नकली धरून चाला. भिंगाखाली त्यांच्यावर फवाऱ्याने रंग मारल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. गोड्या पाण्यातल्या खऱ्या मोत्यांत अंडाकृती, चपटे, मधे वळं पडलेले, एखाद-दुसरा खळगा असलेले असे मोती येणारच. रंगीत असतील, विशेषतः काळे किंवा गडद जांभळे, तर भोकाभोवती आणि खळग्यात रंग जास्त साचलाय का आणि आतला धागा रंगलाय का ते बघा. रंगवलेला मोती खोटा नसतो, पण त्याचा भाव वेगळा असतो.

तुमच्या हैदराबादी सराबद्दल इतकंच सांगतो. हैदराबादला मोती पिकत नाहीत, तिथे त्यांचा व्यापार, विंधकाम आणि ओवण्याचं काम आहे. पत्थरगट्टीच्या दुकानांत आज मिळतो तो माल मुख्यतः चीनमधला गोड्या पाण्यातला. भोक तपासून लेप दिसला नाही, तर तुमचा सर बहुधा तोच आहे: खरा आणि कल्चर. 'अस्सल' हा शब्द खोटा नव्हता, फक्त अपुरा होता.

तन्मण्याचं काम अवघड आहे. ते कसं करतात ते एका उदाहरणावरून सांगतो, म्हणजे तुम्हाला काय बघायचं ते कळेल. एका कुटुंबाचा पाच सरींचा तन्मणी माझ्याकडे आला. मोती दोन ते तीन मिलिमीटरचे, खोड जुन्या घडणीचं. पांढऱ्या सुती कापडावर खिडकीशी ठेवून सरी एकमेकींना समांतर लावल्या. लगेच दिसलं की चार सरींचा रंग साईसारखा, किंचित पिवळसर, आणि मोती एकाहून एक थोडे वेगळे. पाचव्या सरीत आणि बाकीच्यांच्या बंदाजवळच्या टोकाला मोती जास्त पांढरे, एकसारखे. रंगावरून निकाल देत नाहीत, कारण जुना मोती घामाने आणि अत्तराने पिवळतो, आणि नवा मोती विरंजन करून पांढरा केलेला असतो. पण कुठे बघायचं ते रंग दाखवतो.

भिंगाखाली साईरंगी मोत्यांची भोकं फार बारीक होती, काठाशी जुन्या मळाने काळपट. काही मोती धाग्याच्या घर्षणाने भोकाजवळ झिजून किंचित पिंपासारखे झाले होते. पांढऱ्या मोत्यांची भोकं जवळजवळ दुप्पट रुंद आणि स्वच्छ. याचं कारण चव. नैसर्गिक मोती वजनावर विकला जाई आणि भाव वजनाच्या वर्गाने वाढे, म्हणून विंधणारा कारागीर जितकं बारीक भोक पाडता येईल तितकं पाडी, साधारण पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर. कल्चर मोत्याला ती काळजी नसते. तिथे यंत्राने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठं भोक पाडतात, ओवायला सोपं जावं म्हणून. शिवणाची साधी सुई सहज जात असेल तर ते भोक जुन्या हाताचं नसण्याची शक्यता मोठी. मात्र सुई रेटू नका. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा: वारंवार ओवलेल्या जुन्या मोत्याचं भोकही पुढे रुंद केलेलं असू शकतं. म्हणून मोठं भोक हा पुरावा नव्हे. बारीक भोक हा मात्र बऱ्यापैकी चांगला संकेत.

बंदाजवळच्या चार मोत्यांच्या भोकात लेप सुटलेला दिसला, खाली काच. बाकी पांढऱ्यांत कुठेही मण्याची सीमा नव्हती, म्हणजे एक तर नैसर्गिक, नाहीतर गोड्या पाण्यातले बिनमण्याचे कल्चर. भिंगाचं काम इथे संपलं. कारण दोन्हीही आतपर्यंत मोतिया थराचेच. डोळ्याला, दाताला, वजनाला सारखेच.

पुढचं काम क्ष-किरणांचं. सरी सोडवून मोती सुटे केले आणि प्रयोगशाळेत दिले. क्ष-किरण प्रतिमेत नैसर्गिक मोत्यात मध्यापासून बाहेरपर्यंत वर्तुळाकार वाढीच्या रेषा दिसतात. बिनमण्याच्या कल्चर मोत्यात मध्यभागी कातडीच्या तुकड्याची आठवण म्हणून वेडीवाकडी, चिरेसारखी पोकळी दिसते. आत मणी असेल तर त्याची गोल सीमा उघडच पडते. शिवाय गोड्या पाण्यातल्या मोत्यात मँगनीज जास्त असतं, त्यामुळे तो क्ष-किरणांत उजळतो, खाऱ्या पाण्यातला सहसा नाही. निकाल आला तो असा: साईरंगी मोती नैसर्गिक खाऱ्या पाण्यातले, पाचवी सर आणि टोकांचे पांढरे मोती गोड्या पाण्यातले कल्चर, आणि चार काचेचे. उलगडा सोपा होता. मधे कधीतरी पटवेकऱ्याकडे तन्मणी नव्याने गुंफायला दिला असणार, मोती तुटले-हरवले म्हणून बाजारात मिळाले ते भरले. यात कुणाचा डाव असेलच असं नाही. जुन्या महाराष्ट्रीय दागिन्यांत मला अशीच भेसळ सर्वांत जास्त दिसते. म्हणून 'तन्मणी बसरा आहे का' असा प्रश्न एकदम विचारण्यापेक्षा 'यातले कुठले मोती कुठले आहेत' असं विचारावं.

एक कठीण प्रकार राहिला: 'केशी'. खाऱ्या पाण्यातल्या कल्चर शेतीत मण्याशिवाय आपोआप तयार झालेले लहान मोती. ते खाऱ्या पाण्यातले, आत मणी नाही, भोकही बारीक पाडता येतं. बसऱ्यात मिसळून विकायला सोयीचे. इथे प्रयोगशाळेलाही कधी कधी सहज निकाल देता येत नाही. म्हणून जो कोणी भिंगातून बघून 'शंभर टक्के बसरा' म्हणतो, त्याच्या अनुभवाचा मान राखा, पण पैसे कागदावर द्या.

नथीचं वेगळं आहे. मोती सोन्याच्या तारेत घट्ट गुंफलेले, भोकं झाकलेली, आणि सोनं क्ष-किरणांना अडवतं. भिंगाने दोन मोत्यांमधली फट आणि दाताची हलकी कसोटी यावर खरा-खोटा कळेल, पुढचं बहुधा नाही. केवळ उत्सुकतेपोटी नथ उसवू नका. तार बदलायची वेळ येईल तेव्हा मोती सुटे होतील, तेव्हाच तपासून घ्या, आणि गुंफणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की नवा मोती घालायचा असेल तर विचारून घाल.

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर बडोद्याच्या गायकवाडांच्या मोत्यांची दोन पदरी माळ आठवा. 2007 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ती सुमारे 71 लाख डॉलरला गेली. ती नैसर्गिक होती म्हणून. त्याच मापाचे उत्तम कल्चर मोती सुंदर असतात, पण त्यांना ती किंमत येत नाही. तुमच्या तन्मण्यातले दोन मिलिमीटरचे मोती नैसर्गिक निघाले तरी असं घबाड लागणार नाही. बारीक मोत्याला चवच कमी.

प्रयोगशाळेत द्यायचं ठरवलंत तर मुंबईत रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत. देण्याआधी तीन गोष्टी विचारा: मोत्यांची क्ष-किरण तपासणी तुमच्याकडे होते का, सर अख्खी तपासता की सुटे मोती लागतात, आणि प्रत्येक मोत्याचा निकाल देता की नमुन्याचा. नमुन्याचा निकाल मिश्र तन्मण्याला निरुपयोगी आहे. अहवालावर 'नॅचरल पर्ल' किंवा 'कल्चर्ड पर्ल', आणि 'सॉल्टवॉटर' किंवा 'फ्रेशवॉटर' हे शब्द स्पष्ट हवेत. 'रिअल', 'जेन्युइन', 'ओरिजिनल' यांना काही अर्थ नाही. कल्चर मोतीही रिअलच असतो. सोन्यावरचा हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल बोलतो, त्याचा मोत्याशी संबंध नाही. सरी सोडवण्याआधी प्रत्येक सरीचा फोटो काढा, मोती मोजून सरीनिहाय वेगळ्या पुड्यांत ठेवा, पुडीवर क्रमांक घाला, आणि पावतीवर मोत्यांची संख्या आणि एकूण वजन लिहून घ्या.